गच्चीच्या कामाची चित्रफीत : आधी आणि नंतर

(संस्थेच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बी विंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्याची दोन मिनिटांची चित्रफीत आत्ता आपण पाहिली. ती कशी जुळवली ते सांगा, असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मी ते बँकेच्याच भाषेत सांगतो.

अकरा घरांतून एकूण एकाहत्तर क्लिपा जमल्या. बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेल्या होत्या. पहिलं काम होतं त्या तारखेप्रमाणे लावण्याचं, आणि खरी मेख तिथेच आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपचं नाव VID-20240218-WA0012.mp4 असं दिसतं. त्यातली 18 फेब्रुवारी ही क्लिप पाठवल्याची तारीख, काढल्याची नव्हे. बँकेत एन्ट्री पडल्याची तारीख वेगळी आणि व्हॅल्यू डेट वेगळी, तसंच हे. याच क्लिपमध्ये उघड्या स्लॅबवर केमिकलचा पहिला हात मारताना दिसतोय. पण 16 तारखेच्या दुसऱ्या एका क्लिपमध्ये त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा पडलेला आहे! कोब्याखालचा हात कोब्यानंतर कसा मारतील? म्हणजे ही क्लिप आधीचीच. ज्यांनी पाठवली त्यांच्या फोनच्या गॅलरीत मूळ क्लिप उघडून तपशील पाहिला, तर निघाली मंगळवार, 13 फेब्रुवारीची. त्यांनी ती रविवारी सवडीने ग्रुपवर टाकली होती.

म्हणून मूळ क्लिप मागवायची ती व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. व्हिडिओ म्हणून पाठवली की ॲप ती दाबून लहान करतं आणि स्लॅबची बारीक भेग पुसट होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की फाइल जशीच्या तशी येते.

मग एका वहीत रकाने आखले : क्रमांक, काढल्याची तारीख, कोणी काढली, काय दिसतं. ही झाली आमची रोजकीर्द. तिच्यावरून निवड सोपी झाली. एकाच दिवसाच्या पाच क्लिपा असतील तर ज्या क्लिपमध्ये काम पुढे सरकलेलं दिसतं तीच घ्यायची. अशा सव्वीस उरल्या. आधीच्या तीन, प्रत्येकी सहा सेकंद. कामाच्या वीस, प्रत्येकी चार सेकंद. नंतरच्या तीन, पुन्हा सहा-सहा सेकंद. तारखांच्या चार पाट्या, तीन-तीन सेकंद. बेरीज करा, 128 सेकंद होतात. चार सेकंदांपेक्षा कमी ठेवलं तर आपल्या वयाच्या माणसाला काय चाललंय ते कळायच्या आत चित्र बदलतं.

आता आधी-नंतरची जोडी. दोन्ही चित्रं एकाच जागेवरून घेतलेली नसतील तर तुलना लटकी वाटते. यासाठी एडिटिंग ॲपमध्ये जुनी क्लिप नव्या क्लिपवर ठेवायची आणि Opacity निम्मी करायची, म्हणजे दोन्ही एकदम दिसतात. मग पाण्याच्या टाकीचा कोपरा आणि कठड्याची कड जुळेपर्यंत क्लिप सरकवायची, लहान-मोठी करायची. जुळली की Opacity पुन्हा पूर्ण. मात्र जागाच वेगळी असेल तर कितीही सरकवून जुळत नाही. त्यामुळे ‘नंतर’ची क्लिप काढायला जाताना जुनी क्लिप फोनवर उघडून तिथेच उभं राहायचं. फोन आडवा की उभा, तेही जुन्याप्रमाणेच. उभी क्लिप आडव्या चौकटीत बसवली तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते चालतात, पण क्लिप ताणून चौकट भरू नये, माणसं रुंद दिसतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. वरच्या मजल्यावरच्या छताची ओल 2023 च्या ऑगस्टमधली, आणि काम संपलं मार्चमध्ये. एप्रिलमधलं कोरडं छत दाखवून “बघा, गळती थांबली” म्हणायला काय जातंय? आपल्या माणला एप्रिलमध्ये न दुरुस्त केलेलं छतही कोरडंच असतं! म्हणून गच्चीचे पाइप बंद करून तीन दिवस पाणी साठवलं त्याची एक क्लिप घेतली, आणि छताची ‘नंतर’ची क्लिप जुलैच्या मुसळधार पावसापर्यंत थांबून घेतली. कमिटीची घाई होती, पण चित्रफीत चार महिने थांबली.

एक विनंती. जुळवलेली चित्रफीत झाली म्हणून मूळ क्लिपा पुसू नका. कोब्याखाली काय घातलं, केमिकलचे हात किती मारले, हे आता गच्ची फोडल्याशिवाय कुणालाच दिसणार नाही. कंत्राटदाराची हमी संपण्याआधी कुठे ओल आली, तर त्या कोपऱ्यात काय काम झालं होतं ते याच क्लिपा दाखवतील. सगळ्या एकाहत्तर क्लिपा आणि ती वही ऑफिसच्या कपाटात, हार्ड डिस्कसह ठेवली आहे. सी विंगचं काम निघेल तेव्हा पहिली क्लिप तोडफोडीच्या आदल्या दिवशी काढा. तोडफोड सुरू झाल्यावर ‘आधी’ परत मिळत नाही.