पिल्लांचे दूध तोडताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातील एका वराहपालकाचा सकाळीच फोन आला. "डॉक्टर, पिल्लांना हगवण लागली आहे. कोणते इंजेक्शन देऊ?" मी विचारले, "दूध कधी तोडलंत?" ते म्हणाले, "आज पाचवा दिवस." आजाराचा अंदाज तिथेच आला. दूध तोडल्यानंतर तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत लागणारी ही हगवण वराहपालकांच्या चांगलीच ओळखीची असते. तिचे मूळ मात्र पहिल्या दोन दिवसांत असते आणि तिकडे सहसा कुणाचे लक्ष नसते.

मी जाऊन पाहिले. दहा पिल्ले होती. दूध तोडले तेव्हा ती 28 दिवसांची होती आणि सरासरी वजन 6 किलो होते. सर्वांत लहान पिल्लू साडेचार किलोचे. शेण पाण्यासारखे पिवळट, शेपट्या ओल्या आणि पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली. मादी लवकर माजावर यावी म्हणून त्यांनी दूध लवकर तोडले होते. हिशेब चुकीचा नव्हता. दूध तोडल्यावर मादी साधारण चार ते सात दिवसांत माजावर येते. पण त्याच दिवशी त्यांनी पिल्लांना दुसऱ्या खोलीत हलवले, दुसऱ्या वेतातली पिल्ले त्यांच्यात मिसळली आणि ज्यांनी कधी दाणा चाखला नव्हता त्यांच्यापुढे भरलेली गव्हाण ठेवली.

आता पिल्लाच्या पोटात काय होते ते पाहू. आईचे दूध पिल्लू दिवसरात्र थोडे थोडे पिते. दुधातली साखर पोटात आंबते, त्यामुळे पोट आम्लयुक्त राहते. शिवाय दुधातून येणारी संरक्षक द्रव्ये जंतूंना आतड्याला चिकटू देत नाहीत. दूध तुटले की हे दोन्ही पहारेकरी एकाच दिवशी निघून जातात. गांगरलेले पिल्लू पहिला दिवस, कधी दोन दिवस, जवळजवळ उपाशी राहते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते आणि अन्न तिथूनच शोषले जाते. उपासाने ही लव झिजून आखूड होते. मग तिसऱ्या दिवशी भूक अनावर होते आणि पिल्लू गव्हाणीवर तुटून पडते. एवढे अन्न पचत नाही. न पचलेली प्रथिने खाली उतरतात आणि जंतूंना आयतेच खाद्य मिळते. त्यांतले ई. कोलाय जातीचे काही जंतू आतड्याला चिकटून विष सोडतात. त्या विषाने शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते. हीच ती हगवण. पिल्लू दगावते ते बहुधा शरीर कोरडे पडल्यामुळे.

म्हणून मी त्यांना प्रथम पाण्याकडे वळवले. क्षार-साखरेचे एक लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवून ते उथळ परातीत ठेवायला सांगितले. शेजारी साधे पाणी. उरलेले द्रावण दुसऱ्या दिवशी फेकायचे. जे उठत नव्हते त्यांना सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडे थोडे पाजले. खाद्य बंद केले नाही, एक दिवस निम्म्यावर आणले. औषध कोणते, हे तपासणीनंतर ठरवले. दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविक देत राहिले की त्याला न जुमानणारे जंतू गोठ्यात वाढतात. पूर्वी या हगवणीवर सर्रास वापरले जाणारे कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला आपल्या देशात 2019 पासून बंदी आहे. माणसाच्या जिवावरच्या दुखण्यात तो शेवटचा उपाय असतो.

दोन पिल्ले गेली. उरलेली वाचली, पण दहाव्या दिवशी सरासरी वजन साडेपाच किलोच भरले. म्हणजे दहा दिवस खाऊ घालून वजन अर्धा किलोने घटले. मादी एक आठवडा आधी माजावर आणून जे मिळवले, ते पिल्लांच्या वाढीत आणि दोन मृत्यूंत गेले.

त्याच मादीच्या पुढच्या वेताला आम्ही बेत बदलला. दहाव्या दिवसापासून, मादीचे तोंड पोचणार नाही अशा कोपऱ्यात, रोज दोन-तीनदा मूठभर ताजे खाद्य ठेवले. सुरुवातीला पिल्ले त्यात फक्त नाक खुपसतात. पण त्यातून दाण्याची ओळख होते. दूध पस्तिसाव्या दिवशी तोडले आणि त्या दिवशी हलवले ते आईला. पिल्ले आपल्या जागेवर, आपल्या भावंडांतच राहिली. त्याच दिवशी खच्चीकरण नाही, लस नाही, नवे खाद्यही नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लामागे 100 ग्रॅम खाद्य धरले. दहा पिल्लांना एक किलो, तेही पाच वेळा दोनदोनशे ग्रॅम. खाद्याच्या दुप्पट कोमट पाणी घालून पेजेसारखे केले आणि दोन तासांत न संपलेले काढून गव्हाण धुतली. असे वाढवत आठवड्याच्या शेवटी 250 ग्रॅमवर गेलो. खाद्यात मका, भाजलेले सोयाबीन आणि थोडी मासळीची भुकटी होती. कच्चे सोयाबीन चालत नाही, त्यातली काही द्रव्ये प्रथिने पचू देत नाहीत. लवकर वाढावीत म्हणून प्रथिने भरमसाट वाढवली तर हगवणच वाढते. हॉटेलचे उष्टे तर या वयात नकोच.

संध्याकाळी प्रत्येक पिल्लाच्या कुशीवरून हात फिरवायचा. कूस खोल गेलेली असेल तर पिल्लाने खाल्लेले नाही. त्याला वेगळे घेऊन बोटाने पेज चाटवायची. पाण्याच्या नळाखाली बाटली धरून मिनिटात अर्धा लिटर पाणी येते का पाहायचे आणि पहिले दोन दिवस उथळ भांडेही ठेवायचे. रात्री पिल्ले एकमेकांवर चढून झोपली तर त्यांना थंडी वाजते आहे. या वयात त्यांना साधारण 28 अंश ऊब लागते. कोरडे गवत आणि वाऱ्याच्या बाजूला बारदान लावले की बरेच काम होते.

या वेळी दोन पिल्लांना एक दिवस पातळ शेण झाले, पण सगळी जगली. दूध तोडताना सरासरी वजन 8 किलो होते, आठवड्याने जवळपास 9 भरले.

एवढी काळजी घेऊनही काही वेळा हगवण लागते. पण प्रत्येक हगवण हीच असे समजू नका. पापण्या सुजल्या, पिल्लू लडखडू लागले, तर आजार वेगळ्या वळणावर आहे. मोठी डुकरेही आजारी पडली, ताप चढला, कान आणि पोटावर लाल-जांभळे चट्टे दिसले, तर तो डुकरांचा साथीचा ज्वर असू शकतो. अशा वेळी एकही जनावर हलवू किंवा विकू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

आणि पुढच्या वेळी दूध तोडाल, तेव्हा पाचव्या दिवशी शेण पाहण्याआधी पहिल्या संध्याकाळी पिल्लांची कूस चाचपून पाहा.