सातबाऱ्यापासून जिल्ह्याच्या आकड्यांपर्यंत



आपल्या धाराशिव जिल्ह्याचं क्षेत्र साडेसात लाख हेक्टरांहून थोडं अधिक आहे. यातलं पिकाखाली किती, पडीक किती, हे गावच्या पीक पाहणीवरूनच ठरतं. गावाचा आकडा तालुक्याला आणि तालुक्याचा जिल्ह्याला जातो. म्हणून हा हिशेब एका शेतावरूनच समजून घेऊ.

समजा, तुमची चार हेक्टर जमीन आहे. दोन हेक्टरांत सोयाबीन घेतलं आणि ते निघाल्यावर त्याच रानात हरभरा पेरला. एक हेक्टर खरिपात मोकळं ठेवून रब्बीत ज्वारी केली. अर्धा हेक्टर यंदा पडीक राहिलं, आणि अर्धा हेक्टर नाल्याचं पोटखराब आहे. आता पेरलेली जमीन तीन हेक्टर, हे झालं निव्वळ पेरणी क्षेत्र. पण हरभऱ्याचे दोन हेक्टर पुन्हा धरले की एकूण पीक क्षेत्र पाच हेक्टर होतं. जमीन चार आणि पीक पाच, ही चूक नव्हे. मात्र जमिनीचा वाटा काढायचा असेल तर निव्वळ क्षेत्रच धरावं.

ज्वारीचं रान पडीक नाही, कारण वर्षात तिथं एक पीक आलं. परंतु रब्बीची नोंद राहिली, तर कागदावर ते पडीकच दिसेल. खरं पडीक एक वर्षाचं असेल तर चालू पडीक, त्यापुढं पाच वर्षांपर्यंत इतर पडीक, आणि नंतर लागवडयोग्य पडीक म्हणून धरतात.

जंगलाचे मात्र दोन आकडे असतात. वन खात्याच्या दप्तरी वन म्हणून लागलेली जमीन, मग तिथं नुसतं गवत का असेना, हा एक. दुसरा उपग्रहाच्या चित्रावरून: किमान एक हेक्टर जागेत शेकडा दहा तरी झाडांची सावली असली, की ते वनाच्छादन. त्यात आमराईही येते. आपल्याकडं येडशी-रामलिंगसारखे पट्टे सोडले, तर हे आच्छादन शेकडा एकाहूनही कमी आहे.

घरं, रस्ते, तलाव हे सारं 'बिगरशेती वापर' या एकाच रकान्यात जातं; म्हणून तो आकडा नुसत्या वस्तीचा समजू नये.

जुने तक्ते पाहताना एक ध्यानात ठेवा. 1982 साली लातूर वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे उस्मानाबादचे आकडे मोठे आहेत. शेती घटली असं त्यावरून म्हणता येत नाही.

2021 पासून ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून स्वतः नोंद करता येते. ती खरिपाला आणि रब्बीला वेगळी करावी, आणि नंतर सातबाऱ्यावर पीक व क्षेत्र बरोबर उतरलं का ते पाहावं. नुकसानीच्या वेळी हीच नोंद पुढं येते.