पुड्यामागचा तक्ता

मैत्रिणींनो, गटातल्या एका ताईंनी बिस्किटाच्या पुड्याचा फोटो आम्हाला पाठवला. "साखर ५ ग्रॅमच आहे, मग पोराला द्यायला काय हरकत?" असं त्यांचं म्हणणं. पण फोटोत तक्त्याची वरची ओळ कापली गेली होती. ती पुन्हा मागवली, तेव्हा उलगडा झाला. तो आकडा एका सर्व्हिंगचा, म्हणजे २० ग्रॅमचा होता. चारच बिस्किटं! पुडा ८० ग्रॅमचा, आणि पोरगं तो एका बैठकीत संपवतं. मग साखर चौपट, २० ग्रॅम. चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते, म्हणजे पाच चमचे झाले. चहातली वेगळीच.

खाली 'ॲडेड शुगर' लिहिलेलं असतं. ती एकूण साखरेतलीच असते, पुन्हा मिळवू नका.

सोडियम होतं ६० मिलिग्रॅम, पुड्याला २४०. त्याला अडीचने गुणलं की मिठाचा हिशोब कळतो: ६०० मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमहून जास्त. गोड बिस्किटातही मीठ आणि खायचा सोडा असतोच. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; लेकरांना त्याहून कमी.

दोन पुड्यांची तुलना करायची तर १०० ग्रॅमचा रकाना बघा. सर्व्हिंग प्रत्येकाची वेगळी असते.