नोटिशीतले पंधरा दिवस



उज्जैनच्या भैरवगढमध्ये मेण आणि रंग वापरून बाटिकच्या चादरी छापतात. या धंद्यात उधारी चालते आणि उधारीपोटी चेकही दिले जातात. समजा, अशा चादरी विकणाऱ्या एका मराठी दुकानदारबाईंनी कापडवाल्याला 48,000 रुपयांचा चेक दिला. खात्यात पुरेसे पैसे नव्हते, म्हणून तो वटला नाही. आता वकिलाची दोन पानी हिंदी नोटीस आली आहे. परक्राम्य लिखत अधिनियम, कलम 138, दिवाणी, फौजदारी असे शब्द वाचून घरातल्यांच्या पोटात गोळा आला आहे.

मी त्यांना ही नोटीस अशी सांगेन : “काकू, तुमचा चेक परत आलाय. ही नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत 48,000 रुपये द्या. नाही दिलेत, तर कापडवाला कोर्टात फौजदारी तक्रार करू शकतो.”

बाकीचा मजकूर बहुतेक धाक दाखवण्यासाठी असतो. अठरा टक्के व्याज आणि नोटिशीचा खर्च 2,100 रुपये या मागण्या मी वेगळ्या काढून दाखवेन. मुदतीत चेकची पूर्ण रक्कम दिली, तर 138 चा गुन्हा होत नाही. व्याज आणि खर्चासाठी त्याला दिवाणी दावा लावता येतो, पण तो निराळा विषय.

खरी गफलत तारखेत होते. नोटिशीवर 3 जून लिहिलंय, पण पोस्टमनने ती 9 जूनला दिली. मुदत 9 जूनपासून धरायची आणि तो दिवस सोडायचा, म्हणजे पैसे 24 जूनपर्यंत पोचले पाहिजेत. त्यानंतर तक्रारीसाठी समोरच्याला एक महिना मिळतो. म्हणून पाकिटावर मिळाल्याची तारीख लगेच लिहून ठेवा आणि पाकीट फेकू नका.

पोस्टमनला परत पाठवलं की सुटलो, असं कुणी समजू नये. योग्य पत्त्यावर पोस्टाने आलेली नोटीस घ्यायला नकार दिला, तरी कोर्ट ती मिळालीच असं सहसा धरतं. उलट पंधरा दिवस सुरू होतात आणि आत काय लिहिलंय, हेही कळत नाही.

पैसे द्यायचेच असतील तर बँकेतून पाठवा, पावती जपा. थोडे देऊन “बाकीचे दिवाळीला” म्हटलं, तर उरलेल्या रकमेची सवलत आपोआप मिळत नाही. कापडवाला कबूल झाला, तर ते लिहून घ्या. त्याला आधीच वीस हजार दिले असतील, तर गोष्ट बदलते. मग पैसे दिल्याचा पुरावा घेऊन वकिलाकडून उत्तर पाठवा. मात्र उत्तर पाठवल्याने मुदत थांबत नाही. वकिलाकडे 23 तारखेला गेलात, तर त्याच्याही हातात एकच दिवस उरतो.