दोघांचं खातं, एकाची सही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. लिफ्टमध्ये भेटलं की कोणी ना कोणी व्याजदर विचारतोच. आज व्याजदराबद्दल मी काही बोलणार नाही. तुमच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर एक छोटी ओळ असते, तेवढ्या एका ओळीबद्दल बोलणार आहे. संयुक्त खातं असेल तर तिथे लिहिलेलं असतं, ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ किंवा ‘फॉर्मर ऑर सर्व्हायवर’. खातं कोणी चालवायचं, हे त्या ओळीवरून ठरतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ती ओळ वाचलेलीच नसते, कारण फॉर्म भरताना काउंटरवरच्या माणसाने परस्पर खूण करून टाकलेली असते.

तो काउंटरवरचा माणूस एकदा मीच होतो, म्हणून ही गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही, काका आणि काकू एवढंच म्हणतो.

१९९६ साली काका बचत खातं उघडायला आले. पहिलं नाव काकांचं, दुसरं काकूंचं. मी विचारलं, “खातं तुम्हीच चालवणार ना?” ते म्हणाले, “हो, हिला कशाला बँकेचा त्रास!” मी ‘फॉर्मर ऑर सर्व्हायवर’वर खूण केली. मराठीत सांगायचं तर ‘पहिला किंवा हयात’. म्हणजे दोघं हयात आहेत तोवर फक्त पहिल्या नावाच्या माणसाची सही चालणार. दुसऱ्याला पैसे काढता येतात ते पहिल्याच्या मृत्यूनंतर, त्याआधी नाही. ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ म्हणजे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’. त्यात दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीने खातं चालतं, आणि एक गेला तर जो मागे राहिला त्याला पैसे मिळतात. मृत्यूनंतर दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच. खरा फरक आहे तो दोघं जिवंत असतानाचा. हे मला तेव्हा पुस्तकात पाठ होतं, पण काकांना नीट समजावून सांगितलं नाही.

२०१४ साली मी त्याच शाखेत मॅनेजर म्हणून परत आलो. एका सकाळी काकू केबिनमध्ये आल्या. काकांना पक्षाघाताचा झटका आला होता, ते आयसीयूत बेशुद्ध होते. हॉस्पिटलने एक लाख रुपये भरायला सांगितले होते. खात्यात तीन लाख ऐंशी हजार होते. काकूंनी चेकवर स्वतःची सही केली होती. मी खात्याची नोंद उघडली आणि मला माझीच अठरा वर्षांपूर्वीची खूण दिसली.

मला तो चेक पास करता आला नाही. काकू म्हणाल्या, “अहो साहेब, माझं नाव आहे ना पासबुकात?” नाव होतं, पण अधिकार नव्हता. आणि तेव्हा ती ओळ बदलूनही घेता येत नव्हती, कारण प्रकार बदलायच्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात. शेवटी काकूंच्या भावाने पैसे भरले.

पैसे स्वतःचे, खात्यात पडलेले, आणि तरी भावापुढे हात पसरायची वेळ. माणूस गेला असता तर बँकेने काकूंना पैसे दिले असते. तो जिवंत होता म्हणून देता आले नाहीत. ‘सर्व्हायवर’ शब्दामुळे आपण मृत्यूचाच विचार करतो, आजारपणाचा करत नाही.

चौथ्या दिवशी काका शुद्धीवर आले. उजवा हात चालत नव्हता, पण समोरचं सगळं कळत होतं. अशा वेळेसाठी रिझर्व्ह बँकेने वाट ठेवलेली आहे. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा नाही जमला तर पायाचाही चालतो. त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. ठसाही उमटवता येत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीदार तसेच. मी स्वतः हॉस्पिटलात गेलो. काकांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, पैसे दिले. त्याच वेळी खातं ‘दोघांपैकी कोणीही’ करायचा अर्जही नेला होता, त्यावर काकांचा अंगठा आणि काकूंची सही घेतली.

इथे लक्षात घ्या, ही वाट माणसाला समज असेपर्यंतच आहे. पूर्ण बेशुद्ध माणसाच्या बोटाला कोणी शाई लावून ठसा घेतला तर त्याला काही अर्थ नाही. कुलमुखत्यारपत्र आहे असं काही जण म्हणतात, पण देणाऱ्याची समज गेली की कायद्याने तेही संपतं. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि हॉस्पिटलचं बिल तोवर थांबत नाही.

दोन महिन्यांनी काका गेले. बचत खात्याचं काम सोपं झालं. काकूंनी मृत्यूचा दाखला, अर्ज आणि स्वतःची ओळखपत्रं दिली, काकांचं एटीएम कार्ड परत केलं. आम्ही काकांचं नाव कमी केलं. ‘सर्व्हायवर’चं कलम असलं की बँकेने वारस दाखला किंवा जामीन मागायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना सांगितलेलं आहे. कोणी मागितला तर हे सांगा.

पण काकांची पाच लाखांची मुदत ठेवही होती. पावतीवर ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ होतं, मुदत संपायला चौदा महिने बाकी होते. काकूंना ती मोडून भावाचे पैसे द्यायचे होते. आणि इथे मी दुसऱ्यांदा चुकलो होतो.

मुदत ठेवीत ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ हे लागू होतं ते मुदत संपल्यावर. मुदतीआधी ठेव मोडायची तर दोघं हयात असताना दोघांच्याही सह्या लागतात. एक गेला तर हयात असलेल्याची सही आणि शिवाय मृताच्या सगळ्या कायदेशीर वारसांची संमती लागते. त्याला अपवाद एकच. ‘आमच्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर हयात असलेल्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल’ असं संमतिपत्र दोघांनी मिळून आधी बँकेला दिलेलं असेल, तर वारसांकडे जावं लागत नाही. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने हेही स्पष्ट केलं की हे पत्र ठेव ठेवतानाच द्यायला हवं असं नाही, मुदत चालू असताना कधीही देता येतं. मात्र द्यायचं दोघांनी. हॉस्पिटलात मी बचत खात्याचा अर्ज नेला, आणि हे पत्र न्यायचं विसरलो. काकांनी दोन मिनिटांत अंगठा दिला असता.

काकांना दोन मुलगे आणि कॅनडात एक मुलगी. मुलीने तिथून रीतसर साक्षांकित करून संमती पाठवली, त्यात दीड महिना गेला. मोठ्या मुलाने लगेच सही केली. धाकटा म्हणाला, “आधी फ्लॅटचं ठरू दे, मग सही करतो.” तीन वारसांपैकी एकाची सही नाही म्हणजे ठेव मोडता येत नाही. माझे हात पुन्हा बांधलेले. काकूंनी चौदा महिने थांबून मुदत पुरी केली. त्या दिवशी धाकट्याची सही लागली नाही, कोणाचीच लागली नाही. काकूंच्या एकटीच्या सहीवर सगळी रक्कम व्याजासकट मिळाली आणि भावाचे पैसे तेव्हा फिटले. संमतिपत्र असतं तर हेच काम चौदा महिने आधी झालं असतं, आणि मृत्यूमुळे ठेव मोडली म्हणून दंडही लागला नसता. जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या काळाच्या दराने व्याज मिळालं असतं.

धाकट्याचा हक्क मग बुडाला का? नाही. बँक पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढंच पाहते, मालकी ठरवत नाही. हयात खातेदाराला मिळालेल्या रकमेत वारसांचा जो कायदेशीर वाटा असेल तो तसाच राहतो, तो त्यांनी कोर्टात मागावा. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर बँक पैसे थांबवत नाही. आणि नॉमिनीचं विचाराल तर संयुक्त खात्यात नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो, आधी नाही.

एवढं ऐकून उद्या सगळ्यांनी जाऊन सगळी खाती ‘दोघांपैकी कोणीही’ करून टाकावीत, असं मी म्हणत नाही. त्यात दुसरा माणूस एका चेकने सगळी रक्कम काढू शकतो, आणि बँक पहिल्याला विचारत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींनी पुतण्याचं नाव सोयीसाठी घातलं असेल, तर त्यांना ‘पहिला किंवा हयात’ हेच बरं. हयातीत ताबा त्यांचाच राहतो. मात्र अशा वेळी दवाखान्यापुरती रक्कम एका वेगळ्या छोट्या खात्यात, भरवशाच्या माणसाबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ प्रकारात ठेवावी. आणि ‘दोघांपैकी कोणीही’ खात्यात वाद झालाच, तर एका खातेदाराने बँकेला लेखी कळवावं. मग बँक दोघांच्या सह्यांशिवाय पैसे देत नाही.

तर आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी बघा. पासबुकावर ‘फॉर्मर’ आहे की ‘आयदर’ ते बघा, आणि ते तुम्ही दोघांनी ठरवलेलं आहे की माझ्यासारख्या कोणी ठरवून टाकलेलं आहे ते एकमेकांना विचारा. नंतर मुदत ठेवीच्या पावत्या काढा. आता अनेक बँकांच्या फॉर्मवर मुदतीआधी ठेव मोडण्याच्या संमतीचा चौकोन छापलेला असतो, पण जुन्या आणि वर्षानुवर्षं आपोआप नूतनीकरण होत आलेल्या ठेवींना ती संमती दिलेली असेलच असं नाही. शाखेत जाऊन विचारा, नसेल तर दोघांच्या सहीचं पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर बँकेचा पोच शिक्का घ्या.

आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा आपण चाळिशीत होतो. आता बी विंगमध्ये दर मजल्यावर एक तरी घर दोघांचंच आहे. पत्र कसं लिहायचं हे कळलं नाही तर माझ्या घरी या. फक्त येताना दोघंही या, एकट्याच्या सहीने ते होत नाही.