फरक आहे, की जास्त आहे?

कोल्हापूरच्या शिवारातले दोन ऊस घेऊ: को ८६०३२ आणि फुले २६५. साखर उतारा कुणाचा किती, ते तपासायचंय.

शून्य परिकल्पना अशी लिहा: ‘दोन्ही वाणांच्या सरासरी साखर उताऱ्यात फरक नाही.’ पर्यायी परिकल्पना: ‘फरक आहे.’ कुणाचा जास्त हे सांगितलं नाही, म्हणून ही दिशाविरहित.

‘८६०३२ चा सरासरी उतारा जास्त आहे’ म्हटलं, की ती झाली दिशादर्शक. मग शून्य परिकल्पनेतही ‘जास्त नाही’ असं लिहायचं.

पण दिशा ठरवायची ती उसाचे नमुने तपासण्याआधी. आकडे बघून मग दिशा निवडली, तर टी-चाचणीत ०.०८ चं पी-मूल्य अर्धं होऊन ०.०४ दिसतं. ०.०५ ची मर्यादा फुकटात पार, आणि योगायोगाचा फरकही खरा वाटू लागतो.