गाठीचा रिपोर्ट वाचताना

मैत्रिणींनो, स्तनाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये शेवटी ‘बायरॅड्स’ आणि एक आकडा असतो. बाया तेवढाच वाचतात आणि घाबरतात. आकडा कशावरून ठरतो ते त्याच्या वरच्या ओळींत असतं.

समजा, एकाच बाईच्या रिपोर्टमध्ये दोन गाठी आहेत. पहिली २२ मिलिमीटरची, हाताला लागणारी. ती गोल आहे, कडा पातळ व स्वच्छ, आत पूर्ण काळं, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनीच नाही. पाण्यातून ध्वनिलहरी सहज जातात, म्हणून तिच्या मागचा भाग उजळ दिसतो. ही पाण्याची साधी गाठ. आकडा २. दुखत नसेल तर काही करायचं नाही.

दुसरी ९ मिलिमीटरची, हाताला न लागणारी. ती आतून करडी म्हणजे भरीव, कडा वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त, मागे सावली. हिला ४ किंवा ५. काळजी हिची करायची, मोठीची नाही! पण ४ म्हणजे कर्करोगच असं नव्हे. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.

भरीव असूनही लांबट, आडवी, नितळ कडांची गाठ बहुधा साधी असते. तिला ३ देतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघतात.

कधी पाणी गढूळ असतं, मग पाण्याची गाठही करडी, भरीव भासते. तेव्हा डॉक्टर सुईने पाणी ओढून बघतात. गाठ पूर्ण बसली तर ती पाण्याचीच होती.